आकाशकंदील वाकडा का होतो?

दिवाळीच्या सुट्टीत घरी आकाशकंदील करायचा, हा कार्यक्रम अनेक घरांत असतो. आमच्याही घरी असतो. आम्ही राहतो लोधिवलीला, खालापूर तालुक्यात, चौक आणि रसायनी यांच्या जवळ. कंदिलाला लागणारा बांबू बाजाराच्या दिवशी बुरुडाकडे मिळतो, पतंगाचा कागद किराणा दुकानातही मिळतो, आणि ओसरीवर बसून काम करायला मुले तयारच असतात. गेल्या खेपेस मुलांनी एक नवी गोष्ट काढली. कंदील तयार होतानाचा टाइम-लॅप्स चित्रपट काढायचा, म्हणजे मोबाइल एका जागी पक्का बसवून ठरावीक वेळाने एकेक छायाचित्र घ्यायचे आणि मग ती सगळी भराभर एकामागून एक दाखवायची. तीन तासांचे काम पाऊण मिनिटात दिसते. आम्हांला यात फारसे काही वाटले नव्हते. मुलांना हौस होती, आम्ही हो म्हटले.

त्या रात्री कंदील वाकडा झाला. आणि तो का वाकडा झाला हे त्या हौसेखातर काढलेल्या चित्रपटाने दाखवले. ती हकीकत आणि तिच्यातली भूमिती या लेखात सांगायची आहे. कंदील कसा करायचा, साहित्य किती लागते, चित्रण कसे करायचे हे ओघाने येईलच.

साहित्य

आमच्या कंदिलाच्या प्रत्येक कडेची लांबी २५ सेंटिमीटर होती. त्यासाठी लागलेले सामान असे :

१. बांबूच्या कामट्या : २७ सेंमी लांबीच्या २४ आणि ३८ सेंमी लांबीच्या २. रुंदी ६ ते ७ मिलिमीटर, जाडी सुमारे ३ मिलिमीटर. दीड मीटर लांबीच्या आठ कामट्या बुरुडाकडून चिरून आणल्या तर मोडतोड धरूनही पुरतात.
२. सुती दोरा, एक रीळ. नायलॉनचा दोरा गुळगुळीत असल्याने गाठ सरकते.
३. पतंगाचा कागद : पिवळा ३ ताव, लाल ३ ताव. उरलेल्या कागदाच्या झिरमिळ्या होतात.
४. खळ : दोन मोठे चमचे मैदा एक कप पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा.
५. कात्री, मोजपट्टी, पेन्सिल, बारीक पॉलिश-कागद.
६. एलईडी दिवा (५ ते ७ वॅटचा), होल्डर आणि वायर.
७. चित्रणासाठी : कॅमेरा असलेला मोबाइल, चार्जर, तो टेकवायला विटा किंवा जाड पुस्तके, एक भिंतीवरचे घड्याळ, एक ओळंबा आणि खुणा केलेली मोजपट्टी.

कामट्या निवडताना एक गोष्ट पाहावी. बांबूची बाहेरची पाठ आणि आतला गाभा सारखे नसतात. मजबुती देणारे तंतू पाठीकडे दाट आणि गाभ्याकडे विरळ असतात. म्हणून पाठ ठेवून गाभा तासलेली कामटी बारीक असूनही चिवट राहते. नुसत्या गाभ्याची कामटी तेवढीच जाड असली तरी वाकवताच मोडते. पेराची गाठ कामटीच्या टोकाशी येऊ देऊ नये, कारण तिथे दोरा नीट बसत नाही. कडांची कुसळे पॉलिश-कागदाने घासून काढावीत, नाहीतर ती बोटांत आणि कागदात शिरतात.

सांगाडा

प्रत्येक २७ सेंमी कामटीच्या दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर २५ सेंमी भरले पाहिजे. गाठी याच खुणांवर मारायच्या आहेत, त्यामुळे टोके थोडी पुढेमागे झाली तरी बिघडत नाही, खुणा मात्र चुकून चालत नाहीत.

चार-चार कामट्यांचे चार चौरस बांधावेत. ते कोपऱ्यावर उभे केले, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखे धरले, की प्रत्येकाला एक वरचा, एक खालचा आणि दोन बाजूंचे असे कोपरे मिळतात. आता एका चौरसाचा बाजूचा कोपरा शेजारच्या चौरसाच्या बाजूच्या कोपऱ्याशी बांधत जावे. चार चौरसांचे कडे तयार होते. मग चारही चौरसांचे वरचे कोपरे चार कामट्यांनी एकमेकांस जोडावेत. वर एक आडवा चौरस तयार होतो. खालीही तसेच करावे.

कामट्यांचा हिशोब असा : चार चौरसांच्या १६, वरच्या ४, खालच्या ४, एकूण २४. कोपरे मोजले तर बाजूंचे ४, वरचे ४ आणि खालचे ४, असे १२ भरतात आणि प्रत्येक कोपऱ्यात चार कामट्या एकत्र येतात. पृष्ठे मोजा. उभे चौरस ४, वरचा १, खालचा १, म्हणजे ६ चौरस. शेजारच्या दोन चौरसांच्या मधल्या जागेत वर एक आणि खाली एक त्रिकोण आपोआप तयार झालेला असतो, असे ८ त्रिकोण. एकूण पृष्ठे १४. ऑयलरचे सूत्र मुलांकडून पडताळून घ्यायला ही चांगली जागा आहे : शिरोबिंदू १२, वजा कडा २४, अधिक पृष्ठे १४, उत्तर २.

भूमितीत ही आकृती प्रसिद्ध आहे. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ घनाकृतींपैकी ती एक. घनाचे आठही कोपरे कडांच्या मध्यबिंदूंपासून छाटले की हीच आकृती मिळते. साबणाच्या वडीचा घन करून तो असा कापून दाखवता येतो. कंदील बांधणाऱ्याला हे माहीत असण्याची गरज नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की सगळ्या कामट्या एका मापाच्या घेतल्या की कंदील जमतो.

कंदिलाची उंची किती होईल हे बांधण्याआधी सांगता येते. उंची म्हणजे उभ्या चौरसाचा कर्ण, म्हणून २५ ला २ च्या वर्गमुळाने गुणायचे. उत्तर ३५.४ सेंमी. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच कामाला येणार आहे.

चित्रण

ठरावीक वेळाने छायाचित्रे घेऊन सावकाश घडणारी गोष्ट पाहण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित करण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ याच रीतीने टिपून एक छोटा चित्रपट केला होता आणि तो दाखवून भांडवल मिळवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्या हाती हाताने फिरवायचा कॅमेरा होता. आपल्या हाती मोबाइल आहे, पण नियम तोच आहे : कॅमेरा हलता कामा नये आणि दोन छायाचित्रांतले अंतर बदलता कामा नये.

दुसरी अट पाळताना एक अडचण येते. काही मोबाइलमधली टाइम-लॅप्सची सोय चित्रण लांबले की दोन छायाचित्रांतले अंतर आपणहून वाढवते. तयार चित्रपट पाहायला छान असतो, पण त्यावरून वेळ मोजता येत नाही. म्हणून अंतर आपण ठरवू शकू असे ॲप घ्यावे आणि तरीही खबरदारी म्हणून चित्रात एक घड्याळ ठेवावे. घड्याळ दिसत असेल तर कोणत्याही चित्राची वेळ वाचता येते.

अंतर किती ठेवायचे, हा साधा गणिताचा प्रश्न आहे. आमचे बांधण्या-चिकटवण्याचे काम तीन तासांचे, म्हणजे १०,८०० सेकंदांचे होते. दर १० सेकंदांना एक याप्रमाणे १,०८० चित्रे झाली. ती सेकंदाला २४ या वेगाने दाखवली की ४५ सेकंद लागतात. रात्री वाळताना काहीच घडणार नाही असे आम्हांला वाटत होते. तरी मुलांच्या आग्रहाने मोबाइल चार्जरला लावून ठेवला आणि दर मिनिटाला एक चित्र घेतले. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांची ४८० चित्रे, म्हणजे २० सेकंदांचा चित्रपट.

आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोबाइल स्वतःच उजेडाचा अंदाज घेऊन चित्र कमीजास्त उजळ करतो, त्यामुळे चित्रपट लुकलुकतो. पडद्यावर बोट दाबून ठेवले की बहुतेक मोबाइलमध्ये उजेड आणि फोकस दोन्ही कायम करता येतात. ते करावे, आणि रात्री खोलीतला दिवा चालू ठेवावा. दुसरे, कंदिलाजवळ, कॅमेऱ्यापासून कंदिलाइतक्याच अंतरावर, मोजपट्टी टांगावी. ती पुढे किंवा मागे असेल तर पडद्यावरचे माप खोटे ठरते. आम्ही शेजारी एक ओळंबाही सोडला होता, म्हणजे उभी रेषा कोणती याबद्दल वाद नको.

रात्री काय झाले

आम्ही आधी त्रिकोणांना लाल कागद लावला. आठही त्रिकोण संध्याकाळी झाले. पिवळे चौरस दुसऱ्या दिवशी करायचे ठरले. वाळण्यासाठी कंदील आढ्याला टांगला. वरच्या चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधली आणि ती मधोमध खुंटीवर अडकवली. दोरी उलट्या 'व्ही' अक्षरासारखी दिसत होती.

सकाळी पाहतो तर कंदील पिळवटलेला. वरचा चौरस, चौरस राहिला नव्हता. उभे चौरसही कलले होते. मुलांचे तोंड उतरले. घरातले आबा, ज्यांनी आयुष्यभर कंदील बांधले आहेत, म्हणाले, "गाठी ढिल्या राहिल्या तुमच्या. परत बांधा." मुलांना ते मान्य नव्हते. "आबा, आम्ही प्रत्येक गाठ तीनदा फिरवून मारली आहे," असे थोरली म्हणाली. वाद मिटवायला दोन उपाय होते : मोजणे आणि चित्रपट पाहणे.

आधी मोजले. वरच्या चौरसाचा, दोरी बांधलेल्या कोपऱ्यांमधला कर्ण ३५.४ सेंमी हवा होता, तो ३१ भरला. दुसरा कर्ण ३९ भरला. आता प्रत्येक समभुज चौकोनात, तो कितीही कलला तरी, दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज बाजूच्या वर्गाच्या चौपट असते. कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, त्यामुळे पायथागोरसचा सिद्धांत लावून हे सहज सिद्ध होते. आमची बाजू २५, तिचा वर्ग ६२५, चौपट २,५००. आणि ३१ चा वर्ग ९६१ अधिक ३९ चा वर्ग १,५२१, बेरीज २,४८२. अर्ध्या सेंटिमीटरच्या मोजण्याच्या चुकीत हा फरक बसतो. याचा अर्थ असा, की बाजू अजूनही २५ च होत्या. गाठी खुणांवरून सरकल्या असत्या तर बाजू बदलल्या असत्या आणि ही बेरीज जुळली नसती. म्हणजे थोरली बरोबर होती. गाठी जागेवर होत्या, त्या फक्त फिरल्या होत्या.

मग चित्रपट पाहिला. कॅमेरा नेमका असा बसला होता, की दोरी बांधलेले दोन कोपरे चित्रात डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण अंतराने दिसत होते. मुलांनी चित्रपट थांबवत थांबवत, शेजारच्या मोजपट्टीच्या आधाराने, ते अंतर मोजले. रात्री १० वाजता ३५.४, ११ वाजता ३३.५, १२ वाजता ३२.२, १ वाजता ३१.४ आणि ३ वाजता ३१. त्यानंतर सकाळपर्यंत काहीच बदल नाही. लाल त्रिकोण मात्र पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत जसेच्या तसे होते. ते हलले होते, कलले होते, पण त्यांचा आकार बदलला नव्हता. बदलले होते ते चौरस.

इथे कारणाचा पहिला अर्धा भाग समजला. दोरी तिरपी असल्यामुळे ती कोपऱ्यांना नुसती वर ओढत नव्हती, आतही ओढत होती. कंदिलाचे वजन फार नव्हते, पण तेवढी ओढ पुरली. खळीने दोरा ओलसर झाला होता, त्यामुळे गाठी सावकाश फिरत राहिल्या. तीनच्या सुमारास खळ वाळली, गाठी कडक झाल्या आणि हालचाल थांबली. पण तोवर कंदील वाकड्या स्थितीतच पक्का झाला होता. सकाळी त्याला हाताने दाबून सरळ करायला गेलो तर कागद फाटले.

चोवीस आणि तीस

कारणाचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. एवढ्याशा ओढीने सांगाडा वाकावाच का? चोवीस कामट्या, बारा गाठी, तरीही तो ताठ का नाही?

तीन काड्या टोकांना जोडून त्रिकोण केला तर तो कोपऱ्यांत फिरू शकत नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोणाचे कोन ठरलेच. चार काड्यांचा चौकोन मात्र बाजू न बदलता कलतो. त्याला एक कर्णकाडी लावली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ होतो. दाराच्या फळ्यांवर, पत्र्याच्या शेडच्या कैचीत, विजेच्या मनोऱ्यात तिरपी पट्टी असते ती यासाठीच.

पूर्ण सांगाड्यासाठी हाच विचार आकड्यांत मांडता येतो. अवकाशातल्या एका बिंदूची जागा सांगायला तीन संख्या लागतात. आपल्या सांगाड्याला १२ कोपरे आहेत, म्हणून ३६ संख्या. सबंध कंदील उचलून दुसरीकडे ठेवला किंवा फिरवला तरी त्याचा आकार बदलत नाही. सरकवण्याच्या तीन दिशा आणि फिरवण्याचे तीन आस, असे सहा प्रकार वजा केले की ३० उरतात. प्रत्येक कामटी दोन कोपऱ्यांतले अंतर पक्के करते, म्हणजे एक अट घालते. आकार पक्का व्हायला ३० अटी हव्यात, आपल्याकडे कामट्या २४. सहा कमी पडतात.

आणि चौरस किती आहेत? सहाच. प्रत्येक चौरसाला एकेक कर्ण दिला की २४ आणि ६ मिळून बरोबर ३० होतात आणि सगळी पृष्ठे त्रिकोणांची होतात. असा बहिर्वक्र सांगाडा, गाठी बिजागरीसारख्या मोकळ्या असल्या तरी, ताठ राहतो.

हे हातात घेऊन पाहायचे असेल तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब घ्यावी. अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांमुळे ही जोडणी अनेक शाळांत परिचित आहे. प्रत्येक कोपऱ्यासाठी ट्यूबचे दोन लहान तुकडे एकात एक ओवून फुली करावी, म्हणजे चार काड्या बसतात. २४ काड्या आणि १२ फुल्या पुरतात. तयार झालेली आकृती एका त्रिकोणावर टेकवा आणि वरच्या त्रिकोणावर हळूच दाबा. ती पिळ खात खाली बसते. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हीच हालचाल लोकांना दाखवली आणि तिला एका नाचाचे नाव दिले. आमचा कंदील रात्रभर असाच, पण फार सावकाश, नाचत होता.

आता आमची चूक स्पष्ट झाली. त्रिकोण मुळातच ताठ होते. आम्ही सगळा कागद आधी तिथे लावला, जिथे त्याची ताठपणासाठी काहीच गरज नव्हती, आणि ज्या चौरसांना गरज होती ते उघडे ठेवले.

कागद कामटीचे काम कसे करतो?

पतंगाच्या कागदाने बांबूचा सांगाडा ताठ होतो, हे ऐकायला विचित्र वाटते. कागदाला ढकलले तर तो चुरगळतो, हे खरे. पण त्याला ओढले तर तो बरेच बल सोसतो. चौरस कलताना त्याचा एक कर्ण आखूड होतो आणि दुसरा लांब. आखूड होणाऱ्या कर्णाच्या बाजूने कागदाला सुरकुती पडते, त्याचा उपयोग नाही. पण लांब होणाऱ्या कर्णाच्या बाजूने कागद ताणला जातो आणि तो कर्णाला लांब होऊ देत नाही. चौरस उलट दिशेने कलू लागला तर दुसऱ्या कर्णावर तेच होते. म्हणजे चारही कडांना चिकटलेला एक कागद हा ओढ सोसणाऱ्या दोन कर्णांसारखा असतो.

यासाठी कागद तणावात असला पाहिजे. ढिला कागद चौरसाला बराच कलू देतो आणि मग ताणाखाली येतो. कागद तणावात आणण्याची युक्ती सोपी आहे. कडा चिकटून वाळल्यावर कागदावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि कागद काही मिनिटे लोंबतो. पाहणाऱ्याला वाटते बिघडले. पण तो वाळताना आकसतो आणि सुरकुत्या जाऊन ढोलाच्या कातड्यासारखा ताठ होतो. आमच्या दुसऱ्या चित्रपटातला सर्वांत पाहण्यासारखा भाग हाच आहे : पिवळा कागद आधी पोटासारखा सुटतो आणि नंतर सपाट होत जातो.

एकाच चौरसाचा कागद ताणला गेला तर त्याच्या चार कामट्या त्या बाजूला ओढल्या जातात. म्हणून समोरासमोरचे दोन चौरस पाठोपाठ चिकटवावेत आणि फवारा दोन्हींवर एकदम मारावा, म्हणजे ओढ समतोल राहते.

दुसरा कंदील

कामट्या त्याच वापरल्या. या वेळी क्रम बदलला.

सांगाडा बांधून झाल्यावर, कागदाला हात लावण्याआधी, वरच्या आणि खालच्या चौरसात एकेक कर्णकामटी बांधली. ती ३८ सेंमी लांब, तिच्यावरच्या खुणांमध्ये ३५.४ सेंमी अंतर. हे दोन चौरस हवा खेळण्यासाठी आणि दिव्यासाठी उघडे राहणार होते, म्हणजे त्यांना कागदाचा आधार मिळणार नव्हता. अशा चौरसाला लाकडी कर्णच हवा. गंमत म्हणजे आबा दर वर्षी वरच्या चौरसात अशी एक तिरपी कामटी बांधतात. का, असे विचारले तर म्हणतात, "दिवा कशाला बांधणार?" दिव्याची सोय आणि ताठपणा ही दोन्ही कामे ती कामटी करत आली आहे. आम्ही 'दिवा तर नंतर बसवायचा आहे' म्हणून ती मागे ठेवली होती.

मग सहाही चौरसांचे कर्ण मोजले. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण ३५.४ च्या आसपास, फार तर तीन-चार मिलिमीटरच्या फरकात आले की पुढे जायचे, नाहीतर हाताने सारखे करून पुन्हा मोजायचे. त्यानंतर लगेच, गाठी ओल्या होण्याआधी, उभ्या चार चौरसांना पिवळा कागद लावला. २८ सेंमी बाजूचा चौरस कापला की चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर कागद दुमडायला मिळतो. कोपऱ्यांत कागदाला छेद द्यावा, नाहीतर गाठीवर चुण्या पडतात. चौरस वाळल्यावर, दुसऱ्या बैठकीत, सुमारे ३० सेंमी बाजूचे लाल त्रिकोण लावले आणि शेवटी खालच्या कोपऱ्यांना झिरमिळ्या.

टांगताना दोरी चारही कोपऱ्यांना बांधली. पुन्हा रात्रभर चित्रण केले. सकाळी दोरीच्या कोपऱ्यांमधले अंतर मोजले, ३५.४ होते तसेच. २० सेंकदांच्या चित्रपटात घड्याळाचे काटे सोडून काहीच हलत नव्हते. मुलांनी तो कंटाळवाणा चित्रपट दोनदा पाहिला. आबांनी एकदा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे गाठी बऱ्या होत्या तर."

या रीतीच्या मर्यादा

कागदाचा हा आधार कोरड्या हवेपुरता आहे. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे दव पडते. उघड्यावर टांगलेल्या कंदिलाचे कागद पहाटे ढिले लागतात आणि उन्हे आली की पुन्हा ताणतात. पण पूर्ण भिजलेला पतंगाचा कागद ओढ सोसत नाही, फाटतो. म्हणून कंदील पागोळीच्या आत, ओसरीवर टांगावा. बाहेर उंच काठीवर चढवायचा असेल तर कागदावर भरवसा न ठेवता उभ्या चौरसांनाही कर्णकामट्या बांधाव्यात. उजेडात त्यांच्या सावल्या दिसतात, तेवढे चालवून घ्यावे लागते.

दिवा एलईडीचाच असावा. जुना ४० किंवा ६० वॅटचा बल्ब आपल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत घालवतो आणि त्याची काच कागदाला टेकली तर कागद करपून पेटू शकतो. एलईडी दिवा पाच-सात वॅटमध्ये तेवढाच उजेड देतो. तरी तोही कागदापासून दूर, मधोमध राहील असा बांधावा. वायरचे जोड मोठ्या माणसाने करावेत आणि ते कंदिलाबाहेर, दव लागणार नाही अशा जागी असावेत.

चित्रपटाचीही एक मर्यादा आहे. तो कॅमेऱ्याच्या दिशेला आडवी असलेली हालचालच नीट दाखवतो. कॅमेऱ्याकडे येणारी किंवा दूर जाणारी हालचाल त्यात जवळजवळ दिसत नाही. आमचे दोन कोपरे योग्य दिशेला आले हा योग होता. वर्गात हा प्रयोग करताना आधी ठरवावे की कोणते अंतर मोजायचे आहे, आणि कॅमेरा त्या अंतराशी काटकोनात ठेवावा.

वर्गासाठी एक प्रश्न देऊन थांबतो. याच कंदिलाच्या उभ्या चार चौरसांना कागद लावला, पण वरचा आणि खालचा कर्ण बांधला नाही, तर किती अटी होतात, आणि किती कमी पडतात? आधी आकड्याने उत्तर काढावे, मग काड्या-व्हॉल्व्हट्यूबच्या सांगाड्यात चार कर्ण घालून तो हाताने हलवून पाहावा. वरच्या चौरसाचे समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरून दाबले, की उत्तर बोटांना कळेल.